तीन दिवसांत गायब

गेल्या श्रावणातल्या एका सकाळी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर नानाकाकांनी एक फॉरवर्ड टाकला. पिकलेल्या केळ्याच्या तुकड्याला चीर द्यावी, तिच्यात हरभऱ्याएवढा भीमसेनी कापूर ठेवावा आणि तो तुकडा न चावता अनशापोटी गिळावा. मुळव्याध कितीही जुनी असो, तीन दिवसांत गायब. खाली नेहमीची पुरवणी होतीच : डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत, पुढे पाठवा, कोणाचे तरी भले होईल. अर्ध्या तासात अकरा जणांनी हात जोडले. मग आत्याने विचारले, “साधा कापूर चालेल का? देवघरातला आहे.”

या प्रश्नापर्यंत मी या प्रकाराकडे भाषेची प्राध्यापिका म्हणून पाहत होते आणि थोडी करमणूकही करून घेत होते. फॉरवर्ड हा वाङ्मयप्रकार आपल्याला परका नाही. व्रतकथेत आधी विधी येतो, मग ज्याला गुण आला त्याची गोष्ट येते आणि शेवटी फलश्रुती येते; उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये. फॉरवर्डची बांधणी हुबेहूब तीच असते. वसा पुढे देण्याची अटदेखील तीच. फरक असलाच तर इतका, की व्रताला वर्षभराचा संयम लागत असे आणि इथे तीन दिवसांत काम होते. पण आत्या देवघराकडे निघाली होती, आणि कापूर हे विष आहे.

हे वाक्य अतिशयोक्त वाटेल, म्हणून जरा थांबते. तीर्थात आणि विड्यात आपण कापराचा जो कण घालतो, तो इतका अल्प असतो की त्याचा वासच काय तो उरतो. हरभऱ्याएवढा खडा हा वेगळा मामला आहे. कापूर पोटातून झपाट्याने रक्तात शिरतो आणि मेंदूवर परिणाम करतो. आधी मळमळ आणि तोंडात जळजळ, मग अस्वस्थपणा आणि पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न देता झटका. हे काही मिनिटांत ते तासा-दीड तासात घडू शकते. लहान मुलांच्या बाबतीत तर एक ग्रॅमच्या आसपासचा कापूर जिवावर बेतल्याच्या नोंदी आहेत. देवघरातल्या वडीचे वजन कोणी करून पाहत नाही, आणि ती खाण्यासाठी बनवलेलीही नसते. केळ्यातून गिळला की तोंडाला जळजळ जाणवत नाही, म्हणजे शरीर जी एक सूचना देऊ शकले असते तीही या कृतीने काढून घेतलेली असते.

मी आत्याला तत्काळ फोन केला. तिने कापूर घेतला नव्हता. तिला मुळव्याधही नव्हती. घरात असावे म्हणून विचारून ठेवले होते, इतकेच. मी समूहावर एक ओळ लिहिली : “कापूर खाऊ नये, विषबाधा होते.” त्यावर कोणीच काही बोलले नाही. थोड्या वेळाने नानाकाकांनी नवा उपाय टाकला. लिंबू कापून गार दुधात पिळायचे आणि दूध नासण्यापूर्वी घटाघट प्यायचे. तीन दिवसांत गायब.

दुपारी काकूंचा फोन आला. कॉलेजात होते, स्टाफरूमच्या बाहेर येऊन उचलला. काकू हळू आवाजात म्हणाल्या, “चार महिने झाले गं, सकाळी रक्त दिसतं. ते म्हणतात, उष्णता वाढलीय, मुळव्याधच आहे. जिना चढून आले की बसावं लागतं त्यांना. तू सांगून बघ. पण मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.”

नानाकाका चौसष्ट वर्षांचे आहेत. कराडला शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. माझे वडील अण्णा हे त्यांचे थोरले भाऊ. अण्णांनाही मुळव्याध होती, असे आठ महिने आम्ही सगळे समजत होतो.

ते प्रकरण थोडक्यातच सांगते. 2008 साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, अण्णांना शौचाच्या वेळी रक्त जाऊ लागले. ‘मुळव्याध, भगंदर, फिशर : विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज’ अशी पाटी लावलेल्या एका गृहस्थाकडे ते जाऊ लागले. पुड्या मिळत. पुड्यांनी रक्त थांबे, महिनाभराने पुन्हा दिसे, पुन्हा पुड्या. त्या आठ महिन्यांत त्या गृहस्थाने त्यांना एकदाही तपासले नाही. पुढे ज्या शल्यविशारदाकडे आम्ही गेलो, त्यांनी हातमोजा चढवला, बोटाला जेली लावली आणि मिनिटभरात त्यांचा चेहरा बदलला. गाठ बोटाला लागत होती. गुदाशयाचा कर्करोग होता आणि तोवर तो यकृतात पोचला होता. एका मिनिटाची ती तपासणी आठ महिन्यांत कोणी केली नाही आणि आम्हीही तिची मागणी केली नाही, कारण रोगाचे नाव आमच्याजवळ आधीपासूनच होते.

मुळव्याध या शब्दाचा मी तेव्हापासून फार विचार केला आहे. मराठीत हा शब्द निदानाचे काम करीत नाही, जागा दाखवण्याचे काम करतो. त्या भागात जे काही होईल, रक्त, वेदना, खाज, गाठ, पू, त्या सगळ्याला आपण मुळव्याध म्हणतो. संकोचाचाही त्यात वाटा असावा. एक शब्द उच्चारला की पुढचे वर्णन टळते. वस्तुतः तिथे निदान चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपचार एकमेकांशी जुळत नाहीत.

गुदमार्गाच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. त्या प्रत्येकाला असतात, जन्मापासून असतात, आणि नळाच्या वॉशरसारख्या त्या मार्ग घट्ट बंद ठेवायला मदत करतात. वर्षानुवर्षे कुंथून त्यांना धरून ठेवणारे तंतू सैल पडले, की त्या फुगतात आणि खाली सरकतात. ही खरी मुळव्याध. गुदमार्गात साधारण मध्यावर एक नागमोडी रेषा आहे. तिच्या वरच्या अस्तराला कापल्याची किंवा टोचल्याची वेदना कळत नाही, खालच्या त्वचेला तीव्रतेने कळते. आतल्या गाद्या या रेषेच्या वर असतात. म्हणून खऱ्या मुळव्याधीचे रक्त लालभडक असते, शौचानंतर थेंबथेंब पडते किंवा धार लागते, आणि बहुधा मुळीच दुखत नाही. उलट शौचाच्या वेळी काच फिरल्यासारखी वेदना होत असेल आणि ती नंतर तासन्‌तास ठणकत राहत असेल, तर ती बहुतेक रेषेखालच्या त्वचेला पडलेली भेग असते, म्हणजे फिशर. एका रात्रीत आलेली, निळसर, अतिशय दुखणारी बाहेरची गाठ म्हणजे तिथल्या शिरेत गोठलेले रक्त. आणि वारंवार पू येणारे बारीक छिद्र म्हणजे भगंदर. यांपैकी कोणतीही गोष्ट सहसा पुढे जाऊन कर्करोग होत नाही, हेही सांगायला हवे, कारण तसे भय घालणारे फॉरवर्डही फिरतात. अडचण निराळी आहे. कर्करोगाचे रक्तही पुष्कळदा न दुखताच येते.

इतके सारे मला ठाऊक होते आणि समूहावर मी एक ओळ लिहून गप्प बसले होते.

त्या संध्याकाळी मी निरोप लिहायला बसले. पहिला मसुदा पाठ्यपुस्तकासारखा झाला. वरचा परिच्छेद त्याचाच अवशेष आहे. दुसरा वाचून मलाच माझा राग आला. त्यात ‘अंधविश्वास’ हा शब्द दोनदा होता आणि ‘सुशिक्षित माणसांनी तरी’ अशी सुरुवात होती. कुटुंबात कोण कोणाला काय सांगू शकते याचे व्याकरण पक्के असते. मी धाकटी, त्यातून मुलगी, आणि विषय शौचाचा. नानाकाकांना समूहावर खोटे पाडले तर ते लिंबू-दूध सोडणार नाहीत, समूह सोडतील.

शिवाय दुसऱ्या मसुद्यात एक लबाडी होती. जुने सगळे खोटे आणि डॉक्टर सांगतील ते खरे, असे मी लिहिले होते, आणि ते खरे नाही. इसबगोल जुनेच आहे, आणि मुळव्याधीवर त्याच्याइतका पुरावा असलेले घरगुती औषध दुसरे नाही. तंतूंच्या उपयोगाच्या प्रयोगांचा 2005 साली कॉक्रेनच्या अभ्यासकांनी एकत्र आढावा घेतला, तेव्हा तंतू घेणाऱ्यांमध्ये रक्तस्रावाची शक्यता जवळजवळ निम्मी आढळली. क्षारसूत्र हा भगंदरावरचा आयुर्वेदीय उपचार आजही सन्मानाने वापरला जातो. सुरणाला तर संस्कृतात अर्शोघ्न असे नावच आहे. शिजवलेले सुरण ही तंतुयुक्त भाजी आहे, ती खुशाल खावी, फक्त तिच्याकडून नावाइतकी अपेक्षा करू नये.

आणि तीन दिवसांचे काय? इथे मला फॉरवर्डच्या कर्त्याचे कौतुक वाटते. मुळव्याधीचे रक्त मुळातच येते-जाते. चार-सहा दिवस दिसते आणि आपोआप थांबते. महिना-दोन महिने शांत राहते. माणूस उपाय शोधतो तो रक्त सर्वांत जास्त दिसते त्या दिवशी. त्या दिवशी लिंबू-दूध घ्या, नारळाच्या शेंडीची राख ताकातून घ्या, किंवा काहीच घेऊ नका. तीन दिवसांनी बरे वाटण्याचा संभव मोठाच आहे. अनुभव खरा असतो, त्याचे श्रेय चुकीच्या पत्त्यावर जाते. अण्णांच्या पुड्यांना गुण आला तो असाच. म्हणून ‘आम्हाला गुण आला’ म्हणणाऱ्याला खोटे म्हणणे हा केवळ उद्धटपणा नाही, ती चूकही आहे.

कापराखेरीजचे बहुतेक उपाय स्वतः फारसे अपाय करीत नाहीत. लिंबाने दूध पोटात नासते. ते तसेही पोटातल्या आम्लाने नासणारच असते. शेंडीच्या राखेचा मला वेगळा धसका आहे. कोळसा पोटात गेला की मल काळा होऊ शकतो, आणि डांबरासारखा काळा, चिकट, दुर्गंधीचा मल ही जठरातल्या रक्तस्रावाची खूण आहे. ती खूणच राखेने झाकली जाते.

समूहावरच्या दुसऱ्या गटातले फॉरवर्ड बद्धकोष्ठतेचे होते. त्यांचा लाडका दावा असा, की आतड्यांच्या भिंतींवर वर्षानुवर्षांचा पाच किलो मल चिकटलेला असतो, त्याचे विष रक्तात भिनते आणि सर्व रोग तिथून होतात. हा दावा मात्र आपल्या आज्यांचा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेत या कल्पनेने विद्वानांनाही झपाटले होते. लंडनचे नामवंत शल्यविशारद सर आर्बथनॉट लेन तर बद्धकोष्ठतेसाठी रोग्यांचे मोठे आतडेच काढून टाकीत. 1919 साली वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकी डॉक्टरांनी एक साधा मुद्दा मांडला. पोट साफ झाल्याबरोबर डोके हलके होते. रक्तात विष भिनले असते तर ते इतक्या लवकर उतरले नसते. तो जडपणा भरलेल्या गुदाशयाच्या ताणाचा असतो. आतड्याचे अस्तर काही दिवसांत नवे होत असते, तिथे वर्षांचा थर बसायला जागाच नाही. विज्ञानाने टाकलेले कपडे असे आपल्याकडे ‘प्राचीन ज्ञान’ म्हणून येतात, हा एक स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.

रोज सकाळी एकदा, ही अपेक्षाही अशीच. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढी निरोगी माणसांची व्याप्ती आहे. मोजायचे ते दिवस नव्हेत, रूप. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी 1997 साली मलाच्या सात रूपांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. लेंड्यांसारखे सुटे, कडक गोळे हे पहिले रूप आणि पाण्यासारखे सातवे. पहिली दोन बद्धकोष्ठतेची, तिसरे-चौथे उत्तम. हा तक्ता समूहावर टाकावा की नाही, यावर मी बराच वेळ घालवला. टाकला नाही. आमच्या घरात अजून जेवतानाच फोन पाहतात.

शेवटी जो निरोप गेला तो असा :

“सर्वांना नमस्कार. हे थोडे लांब आहे, सवडीने वाचावे. विषय संकोचाचा आहे, पण अण्णांच्या वेळी आपण संकोच केला, म्हणून लिहिते.

कापूर कोणत्याही रूपात गिळू नये. झटके येतात. कोणी गिळलाच असेल तर उलटी करवू नये, लगेच दवाखान्यात न्यावे. मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नये.

लिंबू-दूध, राख वगैरेंनी काहींना बरे वाटले असेल. मुळव्याधीचे रक्त आपोआपही थांबते आणि पुन्हा येते. थांबले म्हणजे बरे झाले असे नाही.

घरी करण्यासारखे हे आहे. इसबगोलाचा भुसा, सुरुवातीला एक चमचा, आठवड्याने दोन, पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावा आणि वर आणखी एक पेला पाणी घ्यावे. पाणी कमी पडले तर तो घशात किंवा पोटात अडकू शकतो, म्हणून झोपायला जाताना घेऊ नये. गिळायला त्रास असणाऱ्यांनी घेऊच नये. इतर गोळ्यांपासून दोन तासांचे अंतर ठेवावे. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात आणि रक्त कमी व्हायला काही आठवडे. पहिले काही दिवस पोट फुगेल, ते कमी होते.

सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर आतडी स्वतःहून हलतात, तेव्हा जावे. कळ आल्यावर थांबवू नये, कळ नसताना कुंथू नये. पाच-सात मिनिटांत उठावे. फोन बाहेर ठेवावा (हा निरोपसुद्धा तिथे वाचू नये). कमोड असेल तर पायांखाली छोटा पाट घ्यावा. दुखत असेल तर टबात कोमट साध्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसावे.

उपासाचे दिवस आहेत. साबुदाण्यात तंतू जवळजवळ नसतात. पेरू, रताळे, राजगिरा घ्यावा.

लोहाच्या गोळ्यांनी शौचाला खडा होतो आणि मल काळसर होतो. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगावे. गरोदरपणी एरंडेल घेऊ नये.

आणि हे मुख्य. रक्त दिसले तर ते मुळव्याधीचे आहे असे आपण ठरवू नये. एकदा तपासून घ्यावे. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, रक्त मलात मिसळलेले किंवा काळपट असेल, शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदलली असेल, जाऊन आल्यावरही साफ झाल्यासारखे वाटत नसेल, वजन उतरत असेल, दम लागत असेल, यांपैकी काहीही असेल तर थांबू नये. तपासताना डॉक्टरांनी बोटाने तपासणी केली नाही तर ‘ती करा’ असे आपण सांगावे. अण्णांच्या बाबतीत ते एक मिनिट राहून गेले.

नानाकाका, विषय तुम्ही काढलात म्हणून लिहायचे धैर्य झाले.”

शेवटचे वाक्य मी तीनदा खोडले आणि तीनदा लिहिले. ते खोटे नव्हते; पण त्यात थोडे राजकारण होते हे मला कबूल करायला हवे. आणखी एक वाक्य मात्र मी खोडून टाकले ते टाकलेच. त्याच्याकडे नंतर येते.

प्रतिसाद अपेक्षेप्रमाणे आला. सहा अंगठे, दोन हात जोडलेले. एका चुलतभावाने लिहिले, “फार लांब आहे, थोडक्यात सांग ना.” वहिनीने विचारले, तिखट बंद करावे का? मी लिहिले, भेग असेल तर तिखटाने आग वाढते, तेव्हा टाळा. तिखटाने मुळव्याध होते असा पुरावा मात्र नाही. नानाकाकांनी काहीच लिहिले नाही. निरोप वाचल्याच्या दोन निळ्या खुणा तेवढ्या दिसत होत्या. गणिताच्या मास्तरांचे मौन कसे असते ते त्यांच्या विद्यार्थ्यांना विचारावे.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार नाही. “दादाला नक्की किती महिने झाले होते?” मी म्हटले, आठ. “मला चार झालेत,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “मुळव्याधीचं रक्त तू लालभडक म्हणतेस. माझं तसंच आहे. दुखतही नाही. म्हणजे मुळव्याधच की.”

त्यांचा तर्क चुकीचा नव्हता, उलटा होता. मुळव्याधीचे रक्त असे दिसते, हे खरे; असे दिसणारे रक्त मुळव्याधीचेच असते, हे त्यातून निघत नाही. मी हे त्यांच्याच भाषेत सांगितले, की काका, विधान खरे असले तरी त्याचा व्यत्यास खरा असेलच असे नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “अपॉइंटमेंट घे.”

आम्ही साताऱ्याच्या एका शल्यविशारदांकडे गेलो. तोवर काकूंच्या पिशवीतून आणखी एक गोष्ट निघाली होती, लोहाच्या गोळ्यांची पट्टी. दम लागतो म्हणून दोन महिन्यांपूर्वी कोणी तरी त्या लिहून दिल्या होत्या. रक्त कुठून जाते ते विचारले नव्हते, काकांनीही सांगितले नव्हते. मग वर्तुळ पुरे झाले होते. रक्त गेले म्हणून लोह, लोहाने खडा, खड्याने कुंथणे, कुंथण्याने पुन्हा रक्त. आणि त्यात श्रावणातली साबुदाण्याची खिचडी. हिमोग्लोबिन 8.4 निघाले. पुरुषांत ते 13 च्या वर हवे.

बोटाच्या तपासणीत काही लागले नाही. छोट्या नळीतून पाहिल्यावर आतल्या गाद्या फुगलेल्या दिसल्या, कुंथल्यावर बाहेर येऊन आपोआप आत जाणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या अवस्थेतल्या. काका विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहू लागले. डॉक्टर म्हणाले, “मुळव्याध आहेच. पण ती सापडली म्हणून दुसरं काही नाही, असं मी म्हणणार नाही. रक्त इतकं उतरलंय, सख्ख्या भावाला आतड्याचा कर्करोग झालेला. दुर्बिणीने पूर्ण आतडं बघू.” ज्याचा सख्खा भाऊ किंवा आई-वडील या रोगाने गेले, त्याला तो होण्याचा संभव इतरांच्या सुमारे दुप्पट असतो.

आठवड्याने कोलोनोस्कोपी झाली. डाव्या बाजूच्या आतड्यात आठ मिलिमीटरचा एक मांसल कोंब सापडला आणि त्याच वेळी फासा टाकून काढला गेला. तपासणीत तो अ‍ॅडिनोमा निघाला. अशा कोंबांपैकी थोड्यांचे पुढे, पुष्कळ वर्षांनी, कर्करोगात रूपांतर होते. रक्त त्याचे नव्हते. रक्त मुळव्याधीचेच होते, काकांचे निदान बरोबर होते. पुढे त्या गाद्यांच्या मुळाशी रबराची बारीक कडी चढवली. ती जागा त्या नागमोडी रेषेच्या वर, म्हणून भूल लागली नाही. दोन दिवस जडपणा राहिला, कडीतला भाग आठ-दहा दिवसांत गळून पडला. इसबगोल चालू आहे. लोहही चालू आहे, दिवसाआड. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 12.1 होते.

समूहावर यातले काहीच आले नाही. काकांनी फक्त एक दिवस लिहिले, “इसबगोल उत्तम. पाणी भरपूर घ्यावे.” त्याला चौदा अंगठे मिळाले.

जे आले ते समूहाबाहेर आले. निरोप गेल्यापासून दोन दिवसांत घरातल्या तीन बायकांनी मला खाजगीत लिहिले. एकीला बाळंतपणापासून, म्हणजे सहा वर्षे, भेग होती. ती प्रत्येक वेळी दाताखाली पदर धरून बसते, असे तिने लिहिले होते. दुसरी रोज रात्री सोनामुखीचे चूर्ण घेते, किती ते तिलाही माहीत नाही, कारण चमचा मोजायचा नसतो, हातावर घ्यायचे असते. तिसरीने फक्त विचारले, “बाईडॉक्टर कोण आहे का?” या तिघींपैकी कोणीही समूहावर कधी मुळव्याधीचा फॉरवर्ड टाकलेला नाही. टाकणारे सगळे पुरुष आहेत. तिघींसाठी मी कोल्हापुरातल्या एका बाईडॉक्टरांचा पत्ता काढला. त्यांतल्या दोघी जाऊन आल्या.

आता ते खोडलेले वाक्य. “आतड्याच्या कर्करोगाने गेलेल्यांच्या मुलांनी व भावंडांनी चाळिशीपासून कोलोनोस्कोपी करून घ्यावी,” असे मी निरोपात लिहिले होते. पाठवण्यापूर्वी काढून टाकले. लोक घाबरतील, असे तेव्हा स्वतःला सांगितले. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. अण्णांना जाऊन सोळा वर्षे झाली आणि मी ती तपासणी करून घेतलेली नाही.

काकांची कडी चढवून आम्ही परत येत होतो तेव्हा काकूंनी गाडीत मागच्या सीटवरून विचारले, “आणि तुझी गं कधी?” काका पुढे बसून खिडकीबाहेर पाहत होते. मी म्हटले, परीक्षा संपल्या की. काका तसेच बाहेर पाहत म्हणाले, “तारीख सांग.”

मी तारीख घेतली आहे. आदल्या दिवशी सकाळी पेज, मग फक्त पाणी, शहाळे आणि गाळलेले सार; आणि संध्याकाळपासून दोन लिटर खारट औषध, दर पंधरा मिनिटांनी एक पेला. काका म्हणतात, गार करून प्यायले तर बरे जाते, आणि वर लिंबाची फोड चोखायची. दूध नाही.